पाया तीन फूट खोल गेला, तर पैसे कोणाचे?

बांधकामाच्या करारात किंमत ठरवण्याच्या तीन रीती रूढ आहेत. टर्नकीत संपूर्ण कामाची एकच ठोक रक्कम ठरते आणि कंत्राटदार तयार इमारतीची किल्ली मालकाच्या हाती देतो. आयटम रेटमध्ये खोदाई, काँक्रीट, वीटकाम, प्लास्टर अशा प्रत्येक बाबीचा दर ठरतो आणि प्रत्यक्ष मोजमापानुसार बिल होते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची बी-2 निविदा याच पद्धतीची. कॉस्ट-प्लसमध्ये झालेला खर्च आणि त्यावर ठरलेला मोबदला मालक देतो.

तिन्हींतला खरा फरक दिसतो तो अंदाज चुकल्यावर. समजा, काळ्या मातीच्या जमिनीवर 1500 चौरस फुटांचा बंगला बांधायचा आहे. टर्नकीची रक्कम 30 लाख, त्यात कंत्राटदाराचा अपेक्षित नफा 3 लाख. कॉलमसाठी 5 बाय 5 फुटांचे 12 खड्डे घ्यायचे आणि 5 फुटांवर कठीण मुरूम लागेल, असा अंदाज. प्रत्यक्षात मुरूम लागतो 8 फुटांवर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया मध्येच टेकवता येत नाही. खोदाई 15 ब्रासऐवजी 24 ब्रास होते. कॉलम तीन-तीन फुटांनी वाढतात आणि खड्डे बुजवायला मुरूमही जास्त लागतो. खोदाईचे 10,800, भरावाचे 18,000 आणि सळई-शटरिंगसह काँक्रीटचे 16,200 धरले, तर जादा खर्च 45,000 रुपये होतो.

आयटम रेटमध्ये हे सगळे मोजमाप पुस्तिकेत चढते. दरात दहा टक्के नफा धरलेला असेल, तर मालकाला 49,500 रुपये मोजावे लागतात. कंत्राटदाराचे नुकसान तर होत नाहीच, उलट धंदा वाढतो. कॉस्ट-प्लसमध्ये मोबदला दहा टक्के असेल, तर मालकाचा आकडा तोच. मोबदला ठोक ठरलेला असेल, तर सहसा फक्त 45,000 द्यावे लागतात. टर्नकीत मात्र मालकाची रक्कम हलत नाही; 45,000 कंत्राटदाराच्या नफ्यातून जातात.

आता दुसरा धक्का घेऊ. या बंगल्याला सहा टन सळई लागणार आहे आणि काम चालू असताना ती किलोमागे 10 रुपयांनी महागते. हा 60,000 रुपयांचा बोजा कॉस्ट-प्लसमध्ये पुन्हा मालकावरच पडतो. आयटम रेटमध्ये मात्र चित्र उलटते. दर ठरलेला असल्याने, भाववाढीचे कलम नसेल तर फटका कंत्राटदाराला बसतो. म्हणजे आयटम रेटमध्ये परिमाणाची जोखीम मालकाची आणि दराची कंत्राटदाराची. टर्नकीत दोन्ही कंत्राटदाराच्या माथी. वरच्या उदाहरणात 3 लाखांच्या नफ्यातून 1 लाख 5 हजार गेले, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक. कंत्राटदारावर सर्वाधिक जोखीम टाकणारी पद्धत टर्नकीच. कॉस्ट-प्लस त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित.

अर्थात ही जोखीम कोणी फुकट घेत नाही. अनुभवी कंत्राटदार ठोक रकमेत आधीच काही टक्के गाळा ठेवतो. अननुभवी ठेवत नाही, आणि मग कमी पडलेले पैसे प्लास्टरच्या जाडीतून किंवा स्वस्त फिटिंग्जमधून वसूल होऊ लागतात. करारात नुसते 'चांगल्या प्रतीच्या टाइल्स' असे लिहिलेले असेल, तर त्याला वाव मिळतो. टाइलचा आकार, प्रकार आणि चौरस फुटाचा खरेदी दर लिहिलेला असेल, तर तो बराच कमी होतो. शिवाय नावापुरते टर्नकी असलेल्या अनेक करारांत 'खोदाई 5 फुटांपर्यंत, त्यापुढे जादा आकार' अशी एक ओळ असते. ती एक ओळ पायाची सगळी जोखीम गुपचूप मालकाकडे परत पाठवते. मालकाने स्वतः केलेले बदलही जादा कामातच धरले जातात, मग करार कोणताही असो.

आयटम रेटमध्ये लबाडीची जागा वेगळी. नकाशे नीट वाचणारा कंत्राटदार ज्या बाबीचे परिमाण वाढणार हे ओळखतो, तिचा दर चढा लावतो आणि बाकीचे दर उतरवतो. एकूण बेरीज सर्वांत कमी दिसते, काम मिळते, आणि खोदाई 24 ब्रासवर गेली की बिल फुगते. म्हणून निविदा तपासताना बेरजेइतकेच एकेक दरही पाहावे लागतात. खड्ड्याचे माप भराव टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी सही करून नोंदवावे लागते. एकदा बुजला की खोली सिद्ध करता येत नाही.

कॉस्ट-प्लसमध्ये टक्केवारीचा मोबदला खर्च वाढवायलाच उत्तेजन देतो. ठोक मोबदला आणि वर खर्चाची कमाल मर्यादा घातली, की त्या मर्यादेपलीकडची जोखीम कंत्राटदाराकडे सरकते. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसारख्या कामात, जिथे भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, तिथे ही पद्धत सोयीची ठरते. अशा कामाला ठोक आकडा मागितला, तर कंत्राटदार एक तर घाबरून तो दीडपट सांगतो, नाहीतर कमी सांगून काम अर्ध्यावर सोडतो.