विश्लेषण : ‘टीम’साठी ‘इट्स’ की ‘देअर’? ऑफिसच्या ई-मेलमधले एक सर्वनाम काम कसे वाढवते?

‘टीमने आपला डिक्लरेशन फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यावा’ हे वाक्य मराठीत लिहिताना कोणी अडखळत नाही. तेच इंग्रजी ई-मेलमध्ये लिहायचे झाले की ‘आपला’पाशी बोटे थांबतात. ‘इट्स फॉर्म’ लिहायचे की ‘देअर फॉर्म’? टीम ही एक गोष्ट आहे, पण तिच्यात माणसे अनेक आहेत. स्टाफ आणि मॅनेजमेंट या शब्दांचेही तसेच. हा प्रश्न फक्त व्याकरणाचा नाही. फॉर्म एक भरायचा की नऊ, हेसुद्धा त्या एका शब्दावर ठरू शकते.

नियम नेमका काय आहे?

टीम, कमिटी, बोर्ड, मॅनेजमेंट हे समूहवाचक शब्द आहेत. रूप एकवचनी, पण अर्थ अनेकांचा. अमेरिकी इंग्रजीत समूह एक घटक म्हणून वावरत असेल तर क्रियापद आणि सर्वनाम एकवचनी घेतात. अमेरिकी वृत्तपत्रांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या एपी स्टाइलबुकचाही हाच नियम आहे. म्हणजे ‘द टीम हॅज फिनिश्ड इट्स रिपोर्ट’. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालते. टीम एकजुटीने काही करत असेल तर ‘हॅज’ आणि ‘इट्स’, तिच्यातली माणसे डोळ्यांसमोर असतील तर ‘हॅव’ आणि ‘देअर’.

घोटाळा होतो तो या दोन पद्धती एकाच वाक्यात मिसळल्यावर. ‘द टीम हॅज फिनिश्ड देअर रिपोर्ट’ असे बोलताना सर्रास ऐकू येते. अनौपचारिक मेलमध्ये ते खपूनही जाते, पण औपचारिक मेलमध्ये काटेकोर वाचकाला खटकते. याच्या उलट, ‘द टीम हॅव फिनिश्ड इट्स रिपोर्ट’ हे मात्र कुठल्याच पद्धतीत बसत नाही. क्रियापदाने एकदा ‘अनेक’ म्हटले की सर्वनामाला ‘एक’ म्हणता येत नाही.

मराठीत हा पेच का पडत नाही?

कारण मराठीतला ‘आपला’ करता एक आहे की अनेक, हे सांगतच नाही. ‘त्याने आपला फॉर्म दिला’ आणि ‘त्यांनी आपला फॉर्म दिला’, दोन्हीकडे ‘आपला’ तसाच राहतो. तो बदलतो फॉर्मनुसार, देणाऱ्यानुसार नाही. इंग्रजीत मात्र देणारा एक की अनेक, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

दुसरे कारण आदराचे. साहेब एकटे असले तरी आपण ‘त्यांनी त्यांचा निर्णय कळवला’ म्हणतो. हीच सवय मॅनेजमेंटबद्दल लिहिताना उतरते आणि ‘मॅनेजमेंट हॅज रिवाइज्ड देअर पॉलिसी’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीतल्या ‘देअर’मध्ये तो आदर नाही, फक्त अनेकवचन आहे. शिवाय मॅनेजमेंट म्हणजे इथे निर्णय घेणारी एक यंत्रणा. म्हणून ‘इट्स पॉलिसी’ लिहिण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

तिन्ही शब्दांना एकच नियम लागतो का?

नाही. मॅनेजमेंट बहुतेक वेळा एकाच आवाजात बोलते, त्यामुळे ‘हॅज’ आणि ‘इट्स’ सुरक्षित. स्टाफ या शब्दाने मात्र बहुधा माणसेच डोळ्यांसमोर येतात. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘स्टाफ आर रिक्वेस्टेड टू वेअर देअर आयडी कार्ड्स’ हे अगदी स्वाभाविक वाक्य आहे. अमेरिकी क्लायंटला लिहिताना ‘स्टाफ मेंबर्स आर’ असे करावे. टीम या दोन्हींच्या मध्ये येते. अहवाल, डेडलाइन, बजेट या टीमच्या सामाईक गोष्टी, तिथे ‘इट्स’. लॅपटॉप, रजा, पासवर्ड या ज्याच्या त्याच्या गोष्टी, तिथे ‘देअर’.

एका मेलचे उदाहरण

समजा, नऊ जणांच्या टीमला एचआरकडून मेल येतो : ‘द टीम मस्ट सबमिट इट्स लॅपटॉप डिक्लरेशन बाय फ्रायडे.’ यात व्याकरणाची चूक एकही नाही, त्यामुळे स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही. टीम लीड ‘इट्स’ वाचतो, डिक्लरेशन एकवचनी असल्याचे पाहतो आणि सगळ्यांच्या वतीने एकच फॉर्म भरतो. एचआरला हवे होते प्रत्येकाचे, सहीसह. सोमवारी यादीत आठ नावे ‘पेंडिंग’ दिसतात आणि मेलची नवी साखळी सुरू होते.

इथे नुसते ‘इट्स’चे ‘देअर’ करून भागत नाही. ‘देअर डिक्लरेशन’ वाचून ‘सगळ्यांचे मिळून एक’ असा अर्थ निघू शकतो. ‘देअर डिक्लरेशन्स’ केले की फॉर्म अनेक आहेत एवढे कळते. पूर्ण खुलासा होतो तो ‘ईच टीम मेंबर मस्ट सबमिट अ साइन्ड डिक्लरेशन’ या वाक्याने. त्यात सर्वनामच उरत नाही.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. ‘मस्ट’, ‘विल’ किंवा ‘सबमिटेड’सारखा भूतकाळ एकवचन-अनेकवचनात बदलत नाही. ‘हॅज-हॅव’ असते तेव्हा क्रियापद थोडा इशारा तरी देते. ते नसते तेव्हा सगळा भार सर्वनामावर येतो.

दोन समूह एकाच वाक्यात आले तर?

इथे नुकसान मोठे होऊ शकते. ‘मॅनेजमेंट हॅज इन्फॉर्म्ड द स्टाफ दॅट दे विल बेअर द कॉस्ट.’ खर्च कोण करणार? ‘दे’ म्हणजे स्टाफ, असा अर्थ बहुतेक जण घेतील. पण ज्याला मॅनेजमेंटलाही ‘दे’ म्हणायची सवय आहे, तो उलट वाचेल. पैसे, जबाबदारी किंवा मुदत यांचा उल्लेख असेल तिथे सर्वनाम टाळून नाम पुन्हा लिहावे : ‘द कंपनी विल बेअर द कॉस्ट’. शब्द पुन्हा आला तर मेल थोडा रुक्ष वाटेल, पण वाद होणार नाही.

पाठवण्याआधी काय तपासावे?

पहिले, वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. मराठीत ‘आपला’ संदिग्ध असला तरी ‘आपापला’ हा नेमका शब्द आहे. ‘आपापले फॉर्म’ म्हणावेसे वाटले तर ‘देअर फॉर्म्स’ किंवा ‘ईच मेंबर’. ‘टीमचा मिळून एक’ असा अर्थ असेल तर ‘इट्स’.

दुसरे, समूहाच्या शब्दामागचे क्रियापद आणि पुढचे सर्वनाम एकाच वचनात आहेत का, हे पाहावे. ‘हू’ आणि ‘विच’ही त्यात येतात. ‘द टीम, हू आर’ किंवा ‘द टीम, विच इज’ या जोड्या ठीक, ‘द टीम, विच आर’ नको.

तिसरे, अडले तर ‘मेंबर्स’ हा शब्द जोडावा. ‘टीम मेंबर्स’ आणि ‘स्टाफ मेंबर्स’ निःसंशय अनेकवचनी आहेत, तिथे ‘हॅव’ आणि ‘देअर’ डोळे झाकून लिहिता येते. हा उपाय मॅनेजमेंटला नीट लागू पडत नाही. तिथे ‘द कंपनी’ किंवा निर्णय घेणाऱ्याचे पद लिहिणे सोपे.

आभाराच्या मेलमध्ये मात्र नियम थोडा सैल ठेवावा. ‘आय थँक द टीम फॉर इट्स हार्ड वर्क’ बरोबर असले तरी एखाद्या यंत्राचे आभार मानल्यासारखे वाटते. मेहनत माणसांनी केलेली असते, म्हणून तिथे ‘देअर हार्ड वर्क’ लिहावे.