‘व्हिडिओ कॉलवर घ्या ना, डॉक्टर’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज आता रोजचा झाला आहे : “उद्या ११ची अपॉइंटमेंट आहे. यायला जमत नाहीये. व्हिडिओ कॉलवर करून टाका.” बरेचदा खाली नावही नसतं. कशासाठी येणार होतात, असं विचारलं की उत्तर येतं, “अहो, नेहमीचंच. फक्त बोलायचंय.”

हा मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. रजा मिळत नाही, एस.टी.ची वेळ जुळत नाही, घरात आजारी माणूस असतं. पण मेसेजमागची समजूत चुकीची आहे आणि कधीकधी ती महागात पडते. म्हणून तिच्याबद्दल आधी सविस्तर बोलू.

मुख्य गैरसमज : व्हिडिओ म्हणजे तीच तपासणी, फक्त खेप वाचली

रेल्वेचं तिकीट पुढच्या गाडीचं करून घ्यावं तशी अपॉइंटमेंट व्हिडिओवर करून घेता येते, काउंटरवरच्या ताईंनी नोंद बदलली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. प्रत्यक्ष भेटीत काय करायचं ठरलं होतं, यावर सगळं अवलंबून असतं. त्यातलं पडद्यावर काय होऊ शकतं आणि काय नाही, हे डॉक्टरांनाच ठरवावं लागतं. त्या ताईंना ते ठरवता येत नाही, आणि खरं तर पेशंटलाही येत नाही.

हे माझं वैयक्तिक मत नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी नेमलेल्या नियामक मंडळाने ती नीती आयोगाच्या साहाय्याने तयार केली आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेला जोडली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, व्हिडिओ सल्ला पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी लागेल, याचा निर्णय डॉक्टरांनी आपल्या व्यावसायिक विवेकाने घ्यायचा. सल्ला सुरू झाल्यावरही तो थांबवून “तुम्ही दवाखान्यात या” असं सांगण्याची मुभा डॉक्टरांना आहे. पेशंटलाही तो मध्येच थांबवता येतो.

आता एक उदाहरण घेऊ. साठीच्या एक बाई आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह. दोन महिन्यांपूर्वी त्या आल्या तेव्हा रक्तदाब जास्त निघाला म्हणून ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. उद्याच्या भेटीला त्या ‘शुगरचे रिपोर्ट दाखवायला’ येणार आहेत. त्यांच्या मते ही भेट दोन कागदांची आहे. ते फोटो काढून पाठवता येतात, मग यायचं कशाला?

डॉक्टरांच्या वहीत मात्र त्या भेटीसाठी चार गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली म्हणजे रिपोर्ट. ते व्हिडिओवर उत्तम होतं, त्यासाठी बोलावण्याची गरज नाही. दुसरी, रक्तदाब. घरी दंडावर पट्टा बांधायचं मशीन असेल तर हेही घरून होतं. फक्त पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या पातळीला ठेवून मोजायचं. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असे काही दिवसांचे आकडे लिहून ठेवले तर ते दवाखान्यातल्या एका मोजणीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. तिसरी गोष्ट म्हणजे सूज. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्याशी सूज येते. ती पडद्यावर दिसू शकते, पण ती गोळीची आहे की हृदयाची किंवा मूत्रपिंडाची, हे ठरवायला छाती ऐकावी लागते, मानेतली शीर बघावी लागते.

चौथी गोष्ट पायांची तपासणी, आणि खरी अडचण इथे आहे. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. ते तपासायला नायलॉनचा एक जाडसर धागा असतो, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि धागा टेकला की ‘हो’ म्हणायचं. अंगठ्याखाली, करंगळीखाली, तळव्याच्या पुढच्या उंचवट्यावर धागा वाकतो आणि बाई गप्प असतात, तेव्हा संरक्षक जाणीव गेली हे कळतं. त्यांना स्वतःला ते माहीत नसतं, कारण न जाणवणाऱ्या गोष्टीची तक्रार कोणी करत नाही. त्यानंतर पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपायची, दोन्ही पावलांच्या उष्णतेतला फरक हाताने पाहायचा, बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या. कॅमेऱ्याने यातल्या बेचक्या तेवढ्या दिसतात, त्याही उजेड चांगला असेल आणि फोन धरणारं कोणी असेल तर.

आता त्याच बाईंचा मेसेज पुन्हा वाचू : “यायला जमत नाहीये.” का जमत नाही, हे त्यात नाही. काउंटरवरून तेवढंच विचारलं तर उत्तर येऊ शकतं : “चप्पल घालता येत नाही. पायाला छोटी जखम झालीय. दुखत वगैरे काही नाही.” इथे डॉक्टर सावध होतात. बारा वर्षांच्या मधुमेहात न दुखणारी जखम ही दिलासा देणारी गोष्ट नाही, धोक्याची खूण आहे. दुखत नाही याचा अर्थ नस बधिर आहे. ती जखम किती खोल आहे हे निर्जंतुक सळईने तपासावं लागतं, आणि सळई हाडाला लागली तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका घेऊन एक्स-रे काढावा लागतो. ताप नसला तरी हे असू शकतं. व्हिडिओवर त्या जखमेचा वरचा गोल तेवढा दिसेल. या बाईंना उद्या व्हिडिओवर घ्यायचं नाही, आजच बोलवायचं.

म्हणजे ज्या कारणासाठी व्हिडिओ मागितला, तेच कारण प्रत्यक्ष येण्याचं होतं. हे सारखं घडतं. दम लागतो म्हणून जिना उतरवत नाही, चक्कर येते म्हणून रिक्षात बसायची भीती वाटते, आणि मेसेजमध्ये फक्त ‘जमत नाही’ एवढंच येतं. मला चीड येते ती या दोन शब्दांची. पेशंटने लपवलेलं नसतं, कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून मेसेज करताना पाच गोष्टी लिहा : पूर्ण नाव आणि वय, भेटीची तारीख-वेळ, येता न येण्याचं खरं कारण, मागच्या भेटीनंतर झालेला कोणताही नवा त्रास, आणि घरी मोजलेले आकडे. असा : “मी अमुक, वय ६१. उद्या ११ वाजता भेट आहे. मुलीची परीक्षा असल्याने गावाहून निघता येत नाही. नवा त्रास काही नाही, पायाला जखम किंवा सूज नाही. आठवड्याचे बी.पी.चे आकडे आणि रिपोर्टचे फोटो सोबत आहेत. व्हिडिओवर चालेल का, की यावंच लागेल?” यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बरेचदा उत्तर मधलं असतं : रिपोर्ट आणि गोळ्यांचं उद्या व्हिडिओवर बघू, पायांसाठी पंधरा दिवसांत चक्कर टाका. अर्ध्या कामासाठी का होईना, व्हिडिओ तेव्हा खरोखर उपयोगी पडतो.

उलटा गैरसमज : व्हिडिओवरचा सल्ला म्हणजे टाळाटाळ

हेही तितकंच खोटं. थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. तपासतात. त्रास काही नसेल, रिपोर्ट हातात असेल, तर त्या भेटीसाठी तीन तास प्रवास करायला लावणं हा पेशंटवर अन्याय आहे. असं असूनही काही डॉक्टर सरसकट नकार देतात, त्यामागे जुनी भीती आहे. २०१८ साली रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, फोनवरून उपचार सांगितल्याचा आरोप असलेल्या डॉक्टर दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला होता. निदान न करता औषध देण्याबद्दल न्यायालयाने कडक शब्द वापरले. त्यानंतर फोनवर बोलायलाही डॉक्टर बिचकू लागले. २०२०च्या तत्त्वांनी ती संदिग्धता दूर केली : चौकटीत राहून दिलेला व्हिडिओ सल्ला पूर्ण कायदेशीर आहे.

आणखी काही, थोडक्यात

*“मी जुना पेशंट आहे, माझा फॉलोअपच धरला जाणार.”* फॉलोअप म्हणजे त्याच आजारासाठी, मागच्या प्रत्यक्ष भेटीपासून सहा महिन्यांच्या आत. रक्तदाबाचा पेशंट पोटदुखी घेऊन आला तर ती नवी भेट.

*“पहिल्या भेटीत व्हिडिओवर औषध देताच येत नाही.”* येतं. पॅरासिटामॉल, ओ.आर.एस.सारखी औषधं कोणत्याही माध्यमातून देता येतात, आणि ठरावीक यादीतली औषधं पहिल्याच व्हिडिओ सल्ल्यात लिहिता येतात.

*“मग झोपेची गोळीही लिहून द्या.”* अल्प्राझोलामसारखी, अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतली औषधं व्हिडिओ सल्ल्यावर देता येत नाहीत. डॉक्टर नाही म्हणतात तेव्हा त्यांच्याशी घासाघीस करू नका.

*“व्हॉट्सॲपवर आलेलं प्रिस्क्रिप्शन चालत नाही.”* सही केलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो चालतो, त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं बघा.

*“व्हिडिओची फी कमीच असायला हवी.”* तसा नियम नाही. फी प्रत्यक्ष भेटीइतकी घेता येते. पावती मात्र द्यायलाच हवी.

*“मुलाचा कॉल आहे, तो एकटा बोलेल.”* मूल अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस हवं, आणि त्याची ओळखही डॉक्टरांनी पटवून घ्यायची असते.

*“छातीत दुखतंय, पण आधी व्हिडिओवर विचारून घेऊ.”* नाही. १०८ला फोन करा. आणीबाणीत व्हिडिओवर डॉक्टर प्रथमोपचार सांगू शकतात, पण लगेच रुग्णालय गाठा हेच त्यांना सांगायचं असतं.

*“काउंटरवरून ‘ओके’ आला, म्हणजे ठरलं.”* तो ‘ओके’ बरेचदा ‘मेसेज वाचला’ एवढाच असतो. डॉक्टरांनी मान्य केलं का, कॉल किती वाजता, कोणत्या नंबरवर, हे लेखी येईपर्यंत तुमची भेट दवाखान्यातच आहे असं समजा. आणि हा मेसेज आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाठवा, म्हणजे डॉक्टरांना तुमचा केसपेपर काढून विचार करायला वेळ मिळतो.