कुत्र्याच्या रक्तात कॅल्शियम वाढतं तेव्हा

कुत्रा अचानक भरपूर पाणी पिऊ लागला की घरच्यांना आधी मधुमेहाची शंका येते, मग किडनीची. रक्त तपासलं तर साखर ठीक निघते, क्रिएटिनीनही ठीक निघतं. पण त्याच रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे वर जाणारा बाण असतो: कॅल्शियम 14.2. कुत्र्यात ते साधारण 9 ते 11.5 मिलिग्रॅमच्या दरम्यान असायला हवं. हा बाण ‘हाडं मजबूत आहेत’ असं समजून सोडून दिला, तर पुढचे काही आठवडे हातचे जातात.

समजा, हा रिपोर्ट 9 वर्षांच्या, 30 किलो वजनाच्या लॅब्रॅडॉरचा आहे. तो दिवसाला तीन लिटरहून जास्त पाणी पितो, रात्री लघवीसाठी उठवतो, वाटीत अर्धं जेवण टाकतो आणि दिवसभर पडून राहतो. यातली तहान खुद्द कॅल्शियममुळेच लागलेली असते. शरीरातलं एक हार्मोन किडनीला पाणी राखून ठेवायला सांगत असतं. कॅल्शियम वाढलं की किडनी त्या हार्मोनला दाद देत नाही, लघवी पातळ आणि भरपूर होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला कुत्रा पीत राहतो. अशा वेळी लघवी थांबावी म्हणून त्याचं पाणी तोडणं फार धोक्याचं आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की कॅल्शियम आणखी वाढतं आणि किडनीला खरी इजा होऊ लागते.

पहिला प्रश्न असा की आकडा खरा आहे का. जेवणानंतर लगेच घेतलेलं चरबीयुक्त रक्त किंवा नमुन्यात फुटलेल्या रक्तपेशी यांमुळे तो फुगू शकतो. वाढीच्या वयातल्या पिल्लात तो मुळातच थोडा वर असतो. म्हणून उपाशीपोटी पुन्हा रक्त घ्यायचं आणि त्यात आयोनाइज्ड कॅल्शियम मोजायचं. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेलं असतं. शरीरावर परिणाम करतं ते मोकळं, म्हणजे आयोनाइज्ड. जुन्या किडनीविकारात एकूण कॅल्शियम वाढलेलं असूनही मोकळं कॅल्शियम बहुधा नेहमीएवढं किंवा कमी असतं, त्यामुळे ही एक चाचणी बराच गोंधळ टाळते. आपल्या लॅब्रॅडॉरचं मोकळं कॅल्शियम 1.8 आलं. ते 1.4च्या आसपास संपायला हवं. म्हणजे वाढ खरी आहे.

आता नजर फॉस्फरसकडे. माझ्या मते या सगळ्या शोधातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पायरी आहे, कारण फॉस्फरस त्याच रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा आधीच छापलेला असतो. मानेतल्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन कॅल्शियम चढवतं आणि फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकायला लावतं. काही कॅन्सर याच हार्मोनसारखं रसायन तयार करतात, तेव्हाही तेच घडतं. म्हणून कॅल्शियम वर आणि फॉस्फरस खाली दिसला, तर संशय ग्रंथीवर किंवा कॅन्सरवर जातो. दोन्ही वर असतील तर ‘ड’ जीवनसत्त्वाची विषबाधा किंवा किडनीचं दुखणं आठवायचं. ‘ड’ जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पाकिटं आपल्याकडे घरोघरी असतात. छोट्या पॉमेरेनियनने त्यातलं एकही फोडून खाल्लं तर प्रसंग गंभीर होऊ शकतो. उंदीर मारायची काही औषधं आणि सोरायसिसचं कॅल्सिपोट्रिऑलचं मलम चाटणंही तितकंच घातक. आपल्या कुत्र्याचा फॉस्फरस 2.6, म्हणजे कमी. घरात असं काही सांडलं किंवा चाटलं गेलं नव्हतं.

इथून पुढचं काम हातांचं आहे. कुत्र्यात कॅल्शियम खरोखर वाढण्याचं सर्वांत मोठं कारण लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी फुगल्यात का ते चाचपून पाहायचं. पण बाहेर एकही गाठ नसेल तरी लिम्फोमा नाही असं म्हणता येत नाही. कॅल्शियम वाढवणारा लिम्फोमा पुष्कळदा छातीच्या मधल्या भागात दडतो, म्हणून छातीचा एक्स-रे हवाच. आपल्या लॅब्रॅडॉरच्या बाहेरच्या गाठी नेहमीसारख्या होत्या आणि एक्स-रे स्वच्छ आला.

नंतरची तपासणी अनेकदा राहून जाते. हातमोजा घालून गुदद्वारात बोट घालायचं आणि घड्याळाच्या चार आणि आठच्या जागी असलेल्या दोन्ही गुदपिशव्या बोट आणि अंगठ्यात धरून चाचपायच्या. या पिशव्यांचा कॅन्सर मटारच्या दाण्याएवढा असतानाही कॅल्शियम चढवू शकतो. बाहेरून काही दिसत नाही आणि कुत्रा बूड घासतोच असंही नाही. लाजेने किंवा घाईने हे बोट टाळलं, तर पुढच्या महागड्या चाचण्या भलत्याच दिशेला जातात. डॉक्टरांनी केलं नसेल तर मालकाने बेलाशक विचारावं. आपल्या कुत्र्याच्या उजव्या पिशवीत एक टणक, न दुखणारी गाठ लागली. सुई टोचून काढलेल्या पेशींनी कॅन्सर सांगितला. पोटाच्या सोनोग्राफीत कमरेच्या मणक्याखालची एक लसिका ग्रंथी मोठी दिसली. हा आजार पहिल्यांदा तिथेच पसरतो.

बोटाला काही लागलं नसतं तर? मग पॅराथायरॉइडचं हार्मोन मोजावं लागलं असतं. कॅल्शियम इतकं चढलेलं असताना हे हार्मोन जवळपास शून्यावर यायला हवं. ते नेहमीच्या मर्यादेत दिसलं तरी ग्रंथीच बिघडली आहे असं समजायचं. ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून इथे पुष्कळांची फसगत होते. ही कुत्री सहसा म्हातारी, पण बऱ्यापैकी आनंदी असतात. तक्रार असते ती मूतखड्याची किंवा जास्त पाण्याची. मानेच्या सोनोग्राफीत काही मिलिमीटरची गाठ दिसते, ती बहुधा साधी निघते आणि काढली की आजार संपतो. मात्र उरलेल्या ग्रंथी इतके दिवस सुस्तावलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात कॅल्शियम उलट धोकादायक खाली जाऊन झटके येऊ शकतात, आणि तेवढे दिवस रोज रक्त तपासावं लागतं. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असेल तर ॲडिसनचा आजार तपासायचा. तो औषधांनी चांगला आवरतो, म्हणून तो निसटू देऊ नये.

या सगळ्या शोधात एक मोह आवरायचा असतो, तो म्हणजे निदानाआधीच प्रेडनिसोलोन देणं. या स्टिरॉइडने कॅल्शियम उतरतं, कुत्रा जेवू लागतो, घरात आनंद होतो. पण लिम्फोमाच्या गाठीही त्याने तात्पुरत्या विरघळतात, नमुन्यात काही सापडत नाही, आणि पुढच्या केमोथेरपीला कॅन्सर कमी दाद देतो. निदान होईपर्यंत शिरेतून सलाइन द्यावं. त्याने कुत्र्याला आधार मिळतो आणि निदानही बिघडत नाही. शरीरात पुरेसं पाणी गेल्यावरच फ्युरोसेमाइड, आणि आकडा हटत नसेल तर पामिड्रोनेटसारखं औषध देता येतं.

आपल्या लॅब्रॅडॉरची गुदपिशवी आणि कमरेची ग्रंथी दोन्ही काढली, तर कॅल्शियम साधारण एक-दोन दिवसांत जागेवर येतं. आजार पसरलेला असूनही शस्त्रक्रियेनंतर वर्षाहून अधिक काळ चांगली जगणारी कुत्री असतात. पूर्ण बरं होण्याची खात्री मात्र देता येत नाही. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी कॅल्शियम, बोटाने तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायची. कॅल्शियम पुन्हा चढू लागलं तर गाठ हाताला लागण्याआधीच कॅन्सर परतल्याची शंका घ्यायची आणि सोनोग्राफी ठरलेल्या तारखेआधी करून घ्यायची.