रिपोर्ट निल, पण खोकला तसाच

"डॉक्टर, बेडक्याचा रिपोर्ट निल आलाय," असं सांगत बाईंनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. आपल्याला टीबी नाही, एवढं त्यांनी त्या कागदावरून पक्कं केलं होतं. वय 46, एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम, साखर नेहमीच वाढलेली. पाच आठवडे खोकला, संध्याकाळी अंगात कसकस, आणि साडीच्या निऱ्या आता जास्त घ्याव्या लागतात, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. वजन केलं तर चार किलो उतरलेलं.

त्या कागदावर खोटं काही नव्हतं. फक्त त्याचा अर्थ बाईंनी लावला त्यापेक्षा बराच लहान होता. बेडका काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टीबीचे जंतू तिथे दिसायचे तर एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर तंत्रज्ञ शंभर जागा डोळे ताणून पाहील आणि तरी त्याला काही सापडणार नाही. फुप्फुसात पोकळी पडली की जंतू भरपूर बाहेर येतात. पोकळी नसेल, आजार सुरुवातीचा असेल किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर बेडक्यात जंतू थोडेच येतात. थोडक्यात, निल म्हणजे 'दिसण्याइतके नाहीत'.

त्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो: डबीत नेमकं काय दिलं होतं? बाई म्हणाल्या, "थुंकले की. रांगेत माणसं उभी होती, लाज वाटली." म्हणजे लाळ. लाळेत जंतू शोधणं म्हणजे विहिरीच्या कठड्यावर मासे शोधणं. चांगला नमुना सकाळी उठल्यावर, चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला असतो. तो घट्ट, चिकट, पिवळसर असतो आणि दोन मिलिलिटर तरी भरतो. तो उघड्यावर, माणसांपासून दूर काढायचा.

छातीचा फोटो काढला तर उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला डाग होता. टीबी सहसा वरच्या भागात बसतो. पण मधुमेह असला की तो खालीही दिसतो, त्यामुळे 'खाली आहे, म्हणजे साधा न्यूमोनिया' असं म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय फोटोत फक्त सावली दिसते. ती टीबीची आहे, न्यूमोनियाची, गाठीची की जुन्या व्रणाची, हे फोटो एकटा ठरवू शकत नाही. तो शंका वाढवतो किंवा कमी करतो, इतकंच.

बाईंनी आधी गल्लीतल्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या. ताप उतरला, मग परत आला. चिठ्ठीवर लिव्होफ्लॉक्सासिन होतं, आणि हे औषध टीबीच्या जंतूंवरही चालतं. पाच-सात दिवस ते दिलं की टीबीचा रोगी तात्पुरता बरा दिसतो, बेडक्यातले जंतू आणखी घटतात, आणि निदान महिनाभर लांबतं. टीबीची शंका असताना खोकल्याला अँटिबायोटिक द्यायचंच तर या गटातलं टाळावं.

पुढची पायरी जंतूच्या डीएनएची तपासणी. आपल्याकडे तिची दोन नावं कानावर पडतात: सीबीनॅट आणि ट्रूनॅट. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं, म्हणून तालुक्याच्या ठिकाणीही ठेवता येतं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ही यंत्रं मिलिलिटरमध्ये शे-सव्वाशे जंतू असले तरी पकडतात, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूंवर चालेल का, हेही काही तासांत सांगतात.

बाईंचा नवा नमुना ट्रूनॅटला गेला. रिपोर्ट पुन्हा निल.

इथे बरेच जण थांबतात, आणि थांबू नये ते इथेच. काचपट्टी निल असूनही ज्यांना खरोखर टीबी असतो, असे शंभर जण घेतले तर डीएनए तपासणीच्या एका फेरीत त्यांतले दोन तृतीयांशच्या आसपास सापडतात. म्हणजे तीसेक जण हातात निल घेऊन घरी जातात. त्यामुळे माणसाकडे पाहून शंका जितकी दाट, तितकं एका निल रिपोर्टवर कमी भरवसायचं. बाईंच्या बाबतीत शंका दाटच होती: वजन, संध्याकाळचा ताप, साखर, डाग, अँटिबायोटिकनंतर उलटलेला आजार. त्या विचारू लागल्या, मग रक्ताची तपासणी करू का? टीबीसाठी रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या भारताने 2012 मध्येच बंद केल्या, कारण त्या दोन्ही बाजूंनी फसवायच्या.

आम्ही दुसरा मार्ग घेतला. खारट पाण्याची वाफ यंत्रातून पंधरा मिनिटं दिली. त्याने फुप्फुसाच्या खोल भागातला चिकट बेडका सुटतो. एवढ्यानेही जमलं नसतं तर दुर्बीण घालून त्या भागाचं धुवण काढावं लागलं असतं. वाफेनंतर डबीत आलं ते दिसायलाच वेगळं होतं. त्याचा एक भाग ट्रूनॅटला, एक कल्चरला. या वेळी जंतू सापडले, अगदी थोडे. इतके थोडे की रिफाम्पिसिनबद्दल यंत्राने 'ठरवता येत नाही' असं म्हटलं. चार औषधांचा नेहमीचा उपचार सुरू केला आणि कल्चरची वाट पाहिली.

कल्चर म्हणजे जंतू जिवंत वाढवून पाहणं. मिलिलिटरमध्ये दहा-वीस जंतू असले तरी ते पकडतं. द्रव माध्यमाच्या नळीत तळाशी एक रसायन असतं. जंतू प्राणवायू खाऊ लागले की ते अतिनील प्रकाशात चमकतं. यंत्र नळ्या 42 दिवस तपासत राहतं. बाईंची नळी 19व्या दिवशी चमकली. जंतू टीबीचेच होते आणि मुख्य औषधांना दबणारे होते. कल्चरलाही चुका होतात: इतर जंतू मारण्यासाठी नमुना सोड्याने धुतात, त्यात टीबीचेही काही जंतू मरतात.

उलटी चूकही होते. एका साठीच्या गृहस्थांना दोन आठवडे खोकला, ताप नाही, वजन जागच्या जागी. सीबीनॅटच्या 'अल्ट्रा' प्रकारात 'ट्रेस' आलं, म्हणजे डीएनएचा अगदी पुसटसा ठसा. अल्ट्रा इतकी नाजूक आहे की मेलेल्या जंतूंचा उरलेला डीएनएही पकडते. लहान मूल किंवा एचआयव्हीचा रुग्ण असता तर हा ठसा टीबीच मानला असता. पण या गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी टीबीचा पूर्ण कोर्स केला होता. फोटोत डाव्या वरच्या भागात रेघा होत्या. नव्या की जुन्या?

"जुना फोटो आहे का घरी?" विचारल्यावर मुलगा दुपारी परत गेला आणि गादीखालून पिवळी पडलेली फिल्म घेऊन आला. दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारी धरल्या. त्याच रेघा, त्याच जागी, तितक्याच. उपचार सुरू केला नाही, कल्चर पाठवलं, सिगारेट सोडायला सांगून श्वासाचा पंप दिला, दर आठवड्याला वजन करायला सांगितलं. 42 दिवस नळी काळीच राहिली, वजन हललं नाही, खोकलाही कमी झाला. शेवटच्या भेटीत त्यांनी दोन्ही फिल्म एकाच पिशवीत घातल्या आणि मुलाला बजावलं, "ही आता गादीखाली नको. कपाटात ठेव."