तारीख कुणी वाढवली?

मावशींनी टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. आत एसटीची तिकिटं, तुरुंगातल्या भेटीच्या चिठ्ठ्या आणि शाळेच्या वहीची फाडलेली पानं होती. पानांवर नातीच्या अक्षरात फक्त तारखा होत्या. "मॅडम, एवढ्या वेळा आले मी. दर वेळी शिपाई सांगतो, पुढची तारीख पडली. का पडली ते कुणीच सांगत नाही."

पंधराएक वर्षं फौजदारी वकिली करताना हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलं आहे की आता पहिला प्रश्न मीच विचारते: रोजनामा वाचलात का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं. खटल्याच्या प्रत्येक तारखेला काय घडलं, कोण हजर होतं, कोण नव्हतं आणि तारीख कशासाठी वाढली, याची नोंद न्यायालय रोजनाम्यात करतं. खटल्यातली दिरंगाई वाऱ्यावर नसते, ती तारीखवार लिहिलेली असते. पण ती वाचून, मोजून न्यायाधीशांपुढे ठेवणारं कुणी नसलं तर कायद्यातला जलद सुनावणीचा हक्क पुस्तकातच राहतो.

मावशींच्या मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय बावीस, आरोप राहत्या घरातल्या चोरीचा, आधीचा एकही गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे या गुन्ह्याला जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे आणि खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. त्याला १० ऑगस्ट २०२४ रोजी अटक झाली आणि ११ ऑगस्टला न्यायालयाने कोठडी दिली.

इथे पहिलं घड्याळ सुरू झालं. दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक, जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असू शकेल अशा गुन्ह्यात ही मुदत नव्वद दिवसांची आहे. हे दिवस अटकेपासून नव्हे, तर पहिल्या कोठडीच्या दिवसापासून मोजतात, आणि तो दिवसही धरायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा वाद मिटवला. म्हणजे या मुलाचा साठावा दिवस ९ ऑक्टोबर होता. १० तारखेला सकाळी दोषारोपपत्र आलेलं नसतं, तर त्याच दिवशी अर्ज करायचा होता. कारण अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हा हक्क संपतो. दुपारी वकील येतील, उद्या बघू, असं म्हणत थांबलेल्या कित्येक कुटुंबांनी तो असाच गमावला आहे. या मुलाच्या बाबतीत पोलिसांनी ४ ऑक्टोबरला, पंचावन्नाव्या दिवशी दोषारोपपत्र दिलं. ती वाट बंद झाली.

पुढे दोषारोप निश्चित झाले आणि पुराव्यासाठी पहिली तारीख पडली ३ फेब्रुवारी २०२५. मावशी माझ्याकडे आल्या जूनअखेर. मधल्या काळात नऊ तारखा होऊन गेल्या होत्या आणि एकाही साक्षीदाराची साक्ष झाली नव्हती.

आम्ही रोजनामा काढला. प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला, पण बरंचसं मोबाइलवरच दिसलं. eCourts Services हे सरकारी ॲप फुकट आहे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा CNR क्रमांक असतो. तो टाकला की तारखांची यादी येते, आणि Business on Date या रकान्यातल्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते दिसतं. नोंद कधी दीड ओळीचीच असते, पण ती दीड ओळ पुरते.

नऊपैकी चार तारखांना लिहिलं होतं, आरोपीस कारागृहातून हजर केले नाही. त्याला तुरुंगातून आणायला पोलीस पथक लागतं, आणि सण, मोर्चा किंवा मंत्र्यांचा दौरा आला की तीच माणसं बंदोबस्तावर जातात. व्हिडिओवरून हजेरी घेता येते, पण ती जोडणी त्या दिवशी चालू असेल तर. दोन तारखांना साक्षीदारांवर समन्सच बजावलेलं नव्हतं. एकदा न्यायाधीश रजेवर होते. आणि दोन तारखांना मुलाच्याच वकिलांनी मुदत मागितली होती. त्या दोन नोंदींचं मावशींना वाईट वाटलं, आणि त्यात चूक काही नव्हती. फी देऊन नेमलेला माणूस आपल्याच मुलाचा तुरुंगवास वाढवतो आहे, हे कुणाही आईला खटकेल.

याच न्यायालयात दुसऱ्या खटल्यांची कारणं वेगळी असतात. प्रयोगशाळेचा रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आलेला नसतो. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते. मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या कोठारातून आणलेला नसतो. एक आरोपी फरार असतो आणि त्याचा खटला वेगळा काढायला कुणी सुचवत नाही. न्यायाधीशांचा तुटवडा तर सगळ्यांच्या मुळाशी आहे. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं. आज तो आकडा विशीच्या आसपास आहे. एका कुटुंबाच्या हातात यातलं फार थोडं असतं. पण कोणत्या तारखेला कोणतं कारण लागलं, हे दाखवणं नक्की त्याच्या हातात असतं.

कायद्याचं लक्षही नेमकं इथेच आहे. बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीपेक्षाही जास्त काळ खटल्याविना पडलेल्या माणसांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या, आणि त्यातून हुसैनारा खातून खटला उभा राहिला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जलद सुनावणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढचा मोठा निकाल आपल्या राज्याशी जोडलेला आहे. माजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने डिसेंबर १९९१ मध्ये तत्त्वं घालून दिली. खटला अमुक वर्षांत संपलाच पाहिजे अशी मुदत ठरवायला त्यांनी नकार दिला, आणि २००२ मध्ये सात न्यायाधीशांनी तेच कायम केलं. म्हणून पाच वर्षं झाली की खटला आपोआप रद्द होतो, हा चावडीवरचा समज खोटा आहे. अंतुले निकालाने विचारायला सांगितलेला प्रश्न असा, की या उशिराला जबाबदार कोण? आरोपीने घाई करा असं कधी म्हटलं नव्हतं, एवढ्यावरून त्याचा हक्क बुडत नाही, हेही त्याच निकालात आहे.

म्हणूनच रोजनाम्यातली चार-दोन-एक-दोन ही फोड महत्त्वाची ठरली. नऊपैकी सात तारखा आरोपीमुळे वाढलेल्या नव्हत्या. मग आम्ही नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८०, पोटकलम ६ हाताशी घेतलं. दंडाधिकाऱ्यांपुढे चालणाऱ्या अजामीनपात्र खटल्यात, पुराव्याच्या पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी पूर्ण काळ कोठडीत असेल, तर त्याला जामीन द्यायचा असतो. द्यायचा नसेल तर दंडाधिकाऱ्यांनी कारणं लिहावी लागतात. हे जुन्या कायद्यातही होतं, तरी ते फार थोडे वापरतात. आमचे साठ दिवस ४ एप्रिललाच संपले होते.

ज्यांचा खटला सत्र न्यायालयात आहे, त्यांना हे कलम लागत नाही. त्यांच्यासाठी कलम ४७९ आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात गेला, किंवा आधी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाच्या बाबतीत एक तृतीयांश काळ गेला, की जामिनाचा विचार करावा लागतो. सात वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. हा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत जुन्या खटल्यांनाही लागू केली. पण मर्यादा नीट समजून घ्यावी. फाशी किंवा जन्मठेप असू शकेल अशा गुन्ह्याला ती नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तरीही नाही. आणि आरोपीमुळे लागलेला उशीर मोजणीतून वजा होतो. पुन्हा रोजनामाच.

खून, देशविरोधी कारवाया यांसारख्या आरोपांत उरतं ते थेट कलम २१. मुंबईत बनावट नोटांच्या आरोपात पकडलेला एक माणूस चार वर्षं तुरुंगात होता, दोषारोपही निश्चित झालेले नव्हते आणि सरकारला ऐंशी साक्षीदार तपासायचे होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. खटला लवकर चालवायची सोय सरकार करू शकत नसेल, तर गुन्हा गंभीर आहे एवढं सांगून त्याने जामिनाला विरोध करू नये, असा त्या निकालाचा आशय आहे.

मावशींच्या मुलाचा अर्ज आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिला, सोबत नऊ तारखांचा तक्ता. सरकारी वकिलांनी विरोध केला. न्यायाधीशांनी तक्ता वाचला आणि त्या दोन तारखांबद्दल विचारलं. आम्ही त्या लपवल्या नव्हत्या, म्हणून बोलता आलं. पंचवीस हजारांचा जामीन मंजूर झाला, आणि तरीही मुलगा आत राहिला. जामीनदार हवा, त्याचा ऐपतीचा दाखला हवा. मावशी शेतमजूर, भाऊबंद तोंड फिरवून बसलेले.

हा टप्पा अनेकांना माहीत नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे की जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. आम्ही प्राधिकरणाकडे गेलो. तिथे वकील फुकट मिळतो, आणि त्यांचा १५१०० हा क्रमांक गावातूनही लागतो. तेहतिसाव्या दिवशी न्यायाधीशांनी जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सुटका दिली.

पीडिताच्या घरच्यांनाही तारखा तेवढ्याच जाचतात. ते न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देऊ शकतात, समन्स बजावलं का हे पोलीस ठाण्यात लेखी विचारू शकतात, आणि साक्षीदार हजर असताना मुदत मागितली गेली तर हरकत घेऊ शकतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत हे मुदतीचं कारणच होऊ शकत नाही, आणि हाताबाहेरच्या अडचणीसाठीसुद्धा एका पक्षाला दोनपेक्षा जास्त मुदती देता येत नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला, दोषारोप सप्टेंबर २०२१ मध्ये निश्चित झाले आणि निकाल १० मे २०२४ रोजी लागला. जवळजवळ अकरा वर्षांतली आठ तपासात आणि खटला उभा राहण्यात गेली. त्या कुटुंबाने उच्च न्यायालयात जाऊन तपासावर देखरेख मिळवली होती. उशीर तपासात असेल तर उच्च न्यायालय, खटल्यात असेल तर आधी त्याच न्यायालयात लवकर सुनावणीचा अर्ज, हा क्रम सोयीचा पडतो. सहा महिन्यांत निकाल द्या असा आदेश उच्च न्यायालयाकडून सहज मिळेल अशी आशा मात्र ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनापीठाने असे आदेश अपवादात्मक परिस्थितीतच द्यावेत असं सांगितलं आहे.

मुलगा आता घरी आहे, वीटभट्टीवर जातो. खटला चालू आहे. गेल्या तारखेला पहिल्या पंचाची उलटतपासणी झाली. मावशी आता शिपायाला विचारत नाहीत. नातीच्या वहीत तारखेपुढे एक जास्तीचा रकाना आहे आणि त्यात ती ॲपवरून कारण उतरवून घेते. परवाच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, दुसरा पंच गैरहजर, वॉरंट काढले.