फर्निचर शोरूमचे उद्घाटनाचे भाषण: तीन मिनिटांत काय सांगावे

फर्निचरच्या शोरूमचे उद्घाटन असते तेव्हा मालकाचे स्वागताचे भाषण फीत कापण्याआधी होते आणि पाहुणे बहुधा उभेच असतात. म्हणून ते तीन मिनिटांत संपवावे. सावकाश बोलले तर एवढ्या वेळात साधारण तीनशे शब्द बसतात. एक मिनिट स्वागताला द्यावे आणि उरलेली दोन मिनिटे मालाच्या घडणीला. प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. मान्यवरांची यादी लांबत जाते आणि कारागिरी ‘उत्कृष्ट दर्जा’ या दोन शब्दांत उरकली जाते. स्वागतात प्रमुख पाहुण्यांचे नाव घ्यावे, इतरांना वडीलधारी मंडळी, शेजारी दुकानदार, ग्राहक असे एकत्र संबोधावे. नावे घ्यायचीच तर सुतारांची घ्यावीत.

कारागिरी सांगायची म्हणजे एकच वस्तू निवडून ती उघडून दाखवायची. यासाठी ड्रॉवर सर्वांत सोयीचा, कारण तो रोज ओढला जातो आणि त्यातला कच्चेपणा लवकर बाहेर येतो. चांगल्या ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्यांना टोकाकडे रुंद होत जाणारे दाते काढलेले असतात आणि ते दर्शनी फळीच्या खाचांत बसवलेले असतात. सुतार याला डव्हटेल म्हणतात. दात्याचे टोक रुंद असल्यामुळे ड्रॉवर पुढे ओढताना दर्शनी फळी सुटून हातात येऊ शकत नाही. खिळ्यांवर जोडलेल्या ड्रॉवरमध्ये मात्र प्रत्येक ओढीचा ताण खिळ्यावर येतो आणि काही वर्षांत सांधा खिळखिळा होतो.

दुसरी गोष्ट लाकडाच्या हालचालीची. लाकूड हवेतील ओल शोषून रुंदीत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ पडत नाही. चिपळूणसारख्या गावात, जिथे चार महिने पाऊस कोसळतो, ही गोष्ट घरोघरी ठाऊक असते. मे महिन्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत अडकतो. जाणता सुतार म्हणूनच उन्हाळ्यात थोडी फट जास्त ठेवतो. कपाटाच्या दारातली रुंद फळी तो चौकटीच्या खाचेत नुसती सरकवतो, फेविकॉलने चिकटवत नाही, कारण जखडलेली फळी आकसताना तडकते.

समजा, चिपळूणमध्ये दसऱ्याला असे शोरूम उघडते आहे. तिथे शोभेल असे भाषण पुढीलप्रमाणे असू शकते:

“नमस्कार. आजच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टरबाई, वडीलधारी मंडळी, शेजारचे व्यापारी बंधू आणि सणाच्या दिवशी वेळ काढून आलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून स्वागत. काल खंडेनवमीला आमच्या कारखान्यात रंधा, पटाशी, करवत यांची पूजा झाली. त्या हत्यारांनी काय घडवले ते या एका ड्रॉवरमध्ये पाहा. याच्या सांध्यात एकही खिळा नाही. हे दाते हातांनी कापलेले आहेत. कापणारे कारागीर इथेच उभे आहेत, आधी त्यांच्यासाठी टाळ्या होऊ द्या. ड्रॉवरच्या वरच्या कडेला थोडी फट दिसेल. ती पावसाळ्यासाठी मुद्दाम सोडली आहे. कपाटाची चौकट आणि दारे सागवानाची आहेत, पाठ प्लायवूडची आहे, आणि तसेच आम्ही बिलावर लिहून देतो. आत या, ड्रॉवर ओढून बघा, दारे उघडून बघा, शंका असेल ते कारागिरांना विचारा. डॉक्टरबाईंना विनंती, त्यांनी फीत कापून शोरूम खुले करावे.”

यातले प्लायवूडचे वाक्य पुष्कळ मालक गाळतात. ते गाळू नये. कपाटाच्या पाठीला प्लायवूड वापरण्यात कमीपणा नाही, ते रुंदीत फारसे हलत नाही म्हणून तिथे योग्यच असते. कमीपणा आहे तो सगळे कपाट ‘शंभर टक्के सागवान’ म्हणून विकण्यात. खरे काय ते ग्राहकालाही ओळखता येते. अखंड फळीवरच्या रेषा कडेवरून वळून पुढे चालू राहतात. प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर रेषा कडेला तुटतात, आणि कड उघडी असेल तर एकावर एक थर दिसतात. ड्रॉवरची मागची बाजू आणि टेबलाची खालची बाजू पाहिली की हे लगेच कळते, कारण तिथे सहसा पट्टी मारून कड झाकलेली नसते.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारवाई होऊ शकते. त्यामुळे भाषणात जे लाकूड सांगितले, तेच वस्तूवरच्या चिठ्ठीवर आणि बिलावरही असावे. ग्राहकानेही लाकडाचे नाव, प्लायवूडचा दर्जा आणि पॉलिशचा प्रकार बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.