घंटा बदलली, आता बाई काय सांगणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हे कारण. ज्या शाळेत एकच सत्र, तिथे घंटा पुढे सरकवली की काम झालं. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरवणाऱ्या शाळांची मात्र पंचाईत झाली. नऊला वर्ग भरवायचे, तर दुपारच्या मुलांना बसवायचं कुठे? त्यावरचा एक सोपा तोडगा म्हणजे सत्रांची अदलाबदल: मोठी मुलं सकाळी, लहान दुपारी. आणि मग पालकसभेत माईकसमोर उभं राहायची पाळी मुख्याध्यापिकेवर येते.

हे भाषण पाच मिनिटांचं, पण अवघड. समोर बसलेल्या तिघांचे प्रश्न तीन तऱ्हेचे असतात. मुलांना खेळाचा तास गेला का आणि डबा कधी खायचा, एवढंच हवं असतं. पालकांना फाटक कधी उघडतं आणि व्हॅनवाले काका ऐकतील का, याची चिंता. शिक्षक आपले ऑफ तास मोजत असतात. ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी’ अशी सुरुवात केली, की तिघांचंही लक्ष उडतं. म्हणून पहिल्या वाक्यात तारीख आणि वेळ यावी, कारण नंतर.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, पाचवी ते आठवी सकाळी सातला भरते. परिपाठ दहा मिनिटं, पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका, पंचवीस मिनिटांची मधली सुट्टी; शाळा सव्वाबाराला सुटते. चौथीपर्यंतचे वर्ग पाऊण वाजता भरतात. त्यांना सात तासिका, बाकी तसंच, ते ५.२५ ला सुटतात.

‘तासिका तीस मिनिटांची करा, म्हणजे मोठ्यांना आठला बोलावता येईल,’ असं कोणी तरी म्हणतंच. इथे शिक्षण हक्क कायदा आडवा येतो. सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवं. आठ तासिकांचे रोजचे २८० मिनिटं धरली, तर वर्षाला १०२६ तास भरतात. तीस मिनिटांच्या तासिकेत ते ८८० वर येतात. अर्ध्या शनिवारांचा हिशेब तर मी धरलेलाच नाही. तेव्हा तासिकेला कात्री लावणं शक्य नाही, हे सभेत आकड्यांनिशी सांगावं. बरीचशी कुरबुर तिथेच थांबते.

असं भाषण साधारण पुढीलप्रमाणे होईल:

‘नमस्कार. १५ जूनपासून पाचवी ते आठवी सकाळी सात ते सव्वाबारा आणि पहिली ते चौथी दुपारी पाऊण ते पाच पंचवीस अशी शाळा भरेल. लहान मुलांना नऊच्या आधी बोलावू नये, असा शासनाचा निर्णय आहे आणि आपल्याकडे वर्गखोल्या तेवढ्याच आहेत, म्हणून ही अदलाबदल. मुलांनो, खेळाचा एकही तास कमी केलेला नाही. मोठ्यांची मधली सुट्टी सकाळी ९.३० ला आहे, तेव्हा डबा आणायचा. पालकहो, सव्वाबारा ते पाऊण या वेळात मोठी मुलं मागच्या फाटकातून बाहेर पडतील, लहान पुढच्या फाटकातून आत येतील. व्हॅन आणि रिक्षांनी त्याप्रमाणे थांबावं. शिक्षकांना प्रत्येकी आठवड्याचे ऑफ तास पूर्वीइतकेच आहेत. फाटकावरच्या पाळीची यादी उद्या लागेल. ज्या घरी दोन्ही सत्रांतली भावंडं आहेत, त्यांची ओढाताण होणार आहे. त्यांनी सभेनंतर थांबावं. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा बसू आणि काय जमलं नाही ते बघू.’

भावंडांचं वाक्य बहुतेक मुख्याध्यापक गाळतात. ते गाळलं, की तोच प्रश्न पहिला येतो आणि उरलेली सभा त्यातच जाते. गैरसोय आपण होऊन सांगितली, तर पालक निदान तोडगा शोधायला बसतात.

आता खरी अडचण, जी भाषणात सहसा येत नाही. किशोरवयात झोपेची वेळ शरीरातच उशिराकडे सरकते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दहाला झोप म्हटलं तरी झोप येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, असं सुचवलं होतं. आपण लहानांची झोप वाचवून मोठ्यांची मोडतो आहोत. मला विचाराल तर हा सौदा शास्त्राच्या दृष्टीने उलटाच आहे. पण खोल्या मोजक्या असलेल्या शाळेकडे दुसरा मार्ग फारसा नसतो. एखाद्या आठवीतल्या मुलाच्या आईने हे विचारलं, तर बाईंनी ‘लवकर निजवा’ असं उत्तर देऊ नये. पहिल्या तासिकेला गणित ठेवायचं की चित्रकला, एवढं तरी त्यांच्या हातात असतं. तेच बदलून दाखवावं.